रिमोट नोकरीत पगारापलीकडचं गणित

आमच्या कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात सॉफ्टवेअरवाली पोरं पूर्वी फक्त गणपतीला आणि मे महिन्यात दिसायची, आता वर्षभर दिसतात. मीही त्यातलाच. पुण्यात बॅकएंड डेव्हलपर म्हणून सुरुवात केली, लॉकडाऊननंतर घरी आलो तो इथेच राहिलो, आणि आता एक छोटी टीम माडीवरच्या खोलीतून सांभाळतो. त्यामुळे ओळखीच्यांचे फोन येतात, रिमोट ऑफर आहे, घेऊ का म्हणून. बहुतेकांचं गणित दोनच आकड्यांवर चाललेलं असतं, पगार किती कमी होतोय आणि पुण्याचं भाडं किती वाचतंय. तीन वर्षांनी या नोकरीतून मी कुठे पोचलेलो असेन हा प्रश्न त्यात येतच नाही, आणि माझ्या मते खरा निर्णय तिथेच असतो.

आधी कुठलं काम घरून होतं ते बघू, कारण लोक पदाच्या नावावरून ठरवतात आणि नावावरून काहीच कळत नाही. दोन जावा डेव्हलपर घ्या, सारखा अनुभव, सारखा पगार. एकजण प्रॉडक्ट कंपनीत आहे, तो कुठूनही काम करू शकतो. दुसरा सर्व्हिस कंपनीत परदेशी बँकेच्या प्रोजेक्टवर आहे आणि त्या बँकेसाठी ऑफिसात वेगळी ओडीसी केलेली आहे, म्हणजे वेगळा मजला, वेगळं ॲक्सेस कार्ड, मोबाईल बाहेर लॉकरमध्ये. क्लायंटच्या करारातच लिहिलेलं असतं की डेटाला हात लागेल तो याच खोलीतून. त्याचा मॅनेजर कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात काही नसतं. बीपीओमध्ये तर सरकारी नियमच आड यायचे, नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याने ओएसपीचे, म्हणजे कॉल सेंटरसारख्या सेवा देणाऱ्यांचे, नियम सैल केले तेव्हा कॉल सेंटरच्या माणसाला घरून बसायची नीट वाट झाली. सेझमधल्या ऑफिसांचं आणखी वेगळं, तिथल्या करसवलती त्या जागेतून होणाऱ्या कामाशी बांधलेल्या, जुलै २०२२ मध्ये सेझच्या नियमांत ४३ए हा नियम आला तेव्हा घरून कामाला रीतसर चौकट मिळाली, तीही मर्यादा घालून. तेव्हा "कंपनी का बोलावतेय" याचं उत्तर बरेचदा बॉसच्या स्वभावात नसतं, कुठल्यातरी करारात नाहीतर नियमात असतं, आणि ऑफर घेण्याआधी ते विचारून घेता येतं.

मी लोकांना एक साधी गोष्ट करायला सांगतो. गेल्या आठवड्याचं काम आठव आणि बघ, त्यातल्या कुठल्या कामाला अशी वस्तू लागली जी इमारतीबाहेर नेता येत नाही, आणि कुठल्या कामात समोरच्याला दहा मिनिटांत तुझं उत्तर हवं होतं. चाकणच्या ऑटो कंपनीसाठी ईसीयूचं, म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटचं, सॉफ्टवेअर लिहिणारा माझा मित्र पहिल्या प्रश्नातच अडकतो, त्याचं टेस्ट बेंच घरी येऊच शकत नाही. डेटा ॲनालिस्ट, ऑटोमेशन टेस्टर, टेक्निकल रायटर, क्लाऊड सांभाळणारी मंडळी दोन्ही प्रश्नांतून सहसा सुटतात. प्रीसेल्स आणि बिझनेस ॲनालिस्ट दुसऱ्या प्रश्नात अर्धवट अडकतात, कारण त्यांचं निम्मं काम मीटिंग संपल्यावर जिन्यात होतं.

आता खरी केस सांगतो. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला दोन ऑफर एकदम आल्या. ती बॅकएंडवाली, सहा वर्षांचा अनुभव, पुण्यात वाकडला भाड्याने राहायची, घर कुडाळजवळ. एक ऑफर पुण्यातलीच, आठवड्यात तीन दिवस ऑफिस, २४ लाख. दुसरी पूर्ण रिमोट, २० लाख. मावशीचा निकाल पहिल्या मिनिटाला लागला होता, "घराक रवान पगार गावता, मगे पुण्याक जावचा कित्याक?" आणि बहीण मात्र चार लाखांवर अडून बसली होती, दादा चार लाख म्हणजे कमी आहेत का म्हणाली.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. नवीन कर पद्धतीत २०२५-२६ च्या दरांनी, पंचाहत्तर हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरून, २४ लाखांवर सेससकट साधारण २ लाख ९२ हजार कर बसतो आणि २० लाखांवर १ लाख ९२ हजार. म्हणजे कागदावरचा चार लाखांचा फरक हातात तीन लाखांचा, महिन्याला पंचवीस हजार. तिचं वाकडच्या टूबीएचकेचं भाडं एकटंच त्यापेक्षा जास्त होतं, वर सोसायटीचा मेंटेनन्स आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमधली रोजची कॅब. म्हणजे पहिल्या वर्षी पैशात रिमोटवालीच पुढे. (पीएफ आणि व्हेरिएबल मुद्दाम बाजूला ठेवलं, कारण दोन्हीकडे ते वेगवेगळं होतं आणि व्हेरिएबल तर मिळेल तेव्हा खरं.)

इथेच बहुतेक लोक वही मिटतात. पण पगारवाढ टक्क्यांत होते, मूळ आकड्यावर. दोन्हीकडे दरवर्षी दहा टक्के धरले तर दोन वर्षांत चारचा फरक ४ लाख ८४ हजार होतो, हे एकवेळ चालेल. खरा फरक प्रमोशनचा. सीनियरवरून लीडवर जाताना चांगली कंपनी वीस-पंचवीस टक्के देते, आणि एका अप्रेझलमध्ये ते हुकलं तर वर्षभर गेलं, दोनदा हुकलं तर पुढच्या नोकरीतही तुम्ही लीड म्हणून नाही, सीनियर म्हणूनच इंटरव्ह्यूला बसता. वीस लाखांवरचे वीस टक्के म्हणजे चार लाखच झाले की. म्हणजे जो फरक भाड्याने भरून निघाला म्हणून आपण खूश होतो, तेवढाच फरक एका हुकलेल्या प्रमोशनमध्ये परत उभा राहतो.

आणि रिमोट माणसाचं प्रमोशन हुकतं का, यावर चांगला अभ्यास झालेला आहे. चीनमधली सीट्रिप ही ट्रॅव्हल कंपनी, तिच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला, ज्यांना घरून काम करायची इच्छा होती त्यांच्यातल्या निम्म्यांना सोडत काढून आठवड्याचे चार दिवस घरी बसवलं. काम तेरा टक्के वाढलं, त्यातलं बरंचसं नुसतं जास्त वेळ सीटवर बसल्यामुळे, ब्रेक कमी, सुट्ट्या कमी. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं की सारखंच काम केलेल्या दोघांत घरच्याला प्रमोशन मिळायचं प्रमाण कमी होतं. प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांतले साधारण निम्मे स्वतःहून ऑफिसात परत गेले. नंतर त्याच कंपनीत, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम, २०२१-२२ मध्ये सोळाशेच्या वर लोकांवर दुसरा प्रयोग झाला, यावेळी फक्त दोन दिवस घरून. त्यात प्रमोशनमध्ये फरक दिसला नाही आणि नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी झाले. कॉल सेंटर आणि सॉफ्टवेअर वेगळं आहे हे मान्य, पण दुसऱ्या प्रयोगात इंजिनियरही होते.

माझं वाचन असं की घोळ घरून काम करण्यात नाही, बाकीचे सगळे एकत्र बसलेले असताना आपण एकटे बाहेर असण्यात आहे. अप्रेझल कसं होतं ते आतून बघितलं की हे पटतं. तुमचा मॅनेजर रेटिंग देतो ते शेवटचं नसतं. त्यानंतर कॅलिब्रेशन नावाची मीटिंग असते, त्यात पाच-सहा मॅनेजर आपापली नावं घेऊन बसतात आणि जागा असतात दोन. तिथे तुमच्या मॅनेजरने तुमचं नाव घेतलं की बाकीच्यांच्या मनात काहीतरी उमटावं लागतं, "हां, ती ना, पेमेंटचा घोळ रात्रीत निस्तरणारी". जिला कोणी कधी भेटलेलं नाही, जिचं डिझाईन कोणी वाचलेलं नाही, तिच्यासाठी मॅनेजर एकटाच बोलतो आणि एकट्याचा आवाज तिथे कमी पडतो. यात कुणी वाईट वागत नाही, दुपारच्या जेवणाला रोज दिसणारं नाव आधी आठवतं एवढंच.

म्हणून ज्या कंपनीत सगळेच विखुरलेले आहेत तिथे गणित बदलतं, कारण तिथे सगळं लिहूनच होतं. गिटलॅबसारख्या कंपनीला ऑफिसच नाही आणि तिचं कामाचं हँडबुक कुणालाही उघडून वाचता येतं, प्रमोशनच्या कागदात काय असावं इथपर्यंत. (त्याच हँडबुकात हेही आहे की पगार तुम्ही कुठे राहता त्याप्रमाणे ठरतो, त्यामुळे अमेरिकेच्या पगारात कोकणात राहू हे स्वप्न घेऊन जाणाऱ्याने ते पान आधी वाचावं.)

तर बहिणीला मी सांगितलं की आता रिमोटवाल्या कंपनीच्या एचआरशी पगारावर बोलूच नकोस, आधी होणाऱ्या मॅनेजरबरोबर अर्धा तास माग. तिने तीन गोष्टी विचारल्या. टीममध्ये किती जण आहेत आणि ते कुठे बसतात. सगळ्यात अलीकडे लीड झालेला माणूस कोण आणि तो कुठून काम करतो. आणि एखादा मोठा निर्णय, समजा मेसेज क्यू बदलायचा, तर तो कुठे झाला, ते कागदपत्र दाखवता येईल का. उत्तरं बघा काय आली. टीम नऊ जणांची, सहा बंगळुरूच्या ऑफिसात, मॅनेजरही तिथेच. गेल्या दोन वर्षांतले दोन्ही लीड बंगळुरूचे. आणि क्यूचा निर्णय "आम्ही व्हाईटबोर्डवर बसून घेतला, डॉक नंतर बनवलं". मॅनेजर प्रामाणिक होता, काही लपवलं नाही त्याने, पण ऑफर कागदावर रिमोट आणि प्रत्यक्षात सहाजणांच्या खोलीतला एक स्क्रीन, असा तो प्रकार होता.

तिने मग नकार नाही दिला. तिने उलट मागणी केली, तीन महिन्यांतून एकदा आठवडाभर बंगळुरूला येईन, तिकीट आणि हॉटेल कंपनीचं, आणि तो आठवडा तिमाहीच्या प्लॅनिंगचा असावा. आमच्याकडून मोपा विमानतळ जवळ पडतो त्यामुळे हे होण्यासारखं होतं. दुसरी मागणी, रुजू झाल्यापासून सहा महिन्यांत एका सर्व्हिसची मालकी तिच्या नावावर, म्हणजे डिझाईन डॉक तिचं, रिव्ह्यूला सगळ्यांना बोलावणारी ती. तिसरी, ऑफर लेटरमध्ये बेस लोकेशन कुडाळ लिहावं. ही तिसरी लोकांना किरकोळ वाटते पण सर्वांत जपायची तीच. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत पंचवीस टक्केच लोक ऑफिसातून काम करतील, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून पाचही दिवस ऑफिस सुरू झालं, पुढे व्हेरिएबल पगार हजेरीशी जोडला गेला. धोरण बदलायचा हक्क कंपनीला असतोच. बेस लोकेशन पुणे किंवा बंगळुरू लिहिलेलं असेल तर एका ईमेलवर तुम्हाला परत जावं लागतं, कुडाळ लिहिलेलं असेल तर निदान बदलीची चर्चा होते, शिफ्टिंगचा खर्च मागता येतो. कंपनीने पहिल्या दोन मागण्या मान्य केल्या, बेस लोकेशनला महिनाभर घोळ घातला आणि शेवटी दिलं. ती गेली त्या नोकरीत.

पण हाच प्रश्न तिच्या धाकट्या भावाने विचारला, तो यंदाच पास झाला, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं आणि मावशी माझ्यावर रुसली. कारण सांगतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या इंजिनियरांवर नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस या तिघींनी अभ्यास केला. तिथे काही टीम एकाच इमारतीत बसायच्या आणि काही दोन इमारतींत विभागलेल्या, काम तेच. एकत्र बसणाऱ्यांना त्यांच्या कोडवर ऑनलाईन मिळणाऱ्या कमेंट वीस टक्क्यांहून जास्त होत्या, आणि फायदा सर्वांत जास्त नवख्यांना. कोविडमध्ये सगळे घरी गेले तेव्हा तो फरक बहुतांशी नाहीसा झाला. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे, एकत्र बसल्यामुळे सीनियर मंडळींचं स्वतःचं कोड कमी व्हायचं, कारण शिकवण्यात वेळ जातो. म्हणजे एकाच ऑफिसात बसण्याचा फायदा पोराला होतो आणि किंमत त्याच्या सीनियरला द्यावी लागते, मग सीनियरला घरून काम आवडतं यात नवल काय.

मला स्वतःला जे येतं त्यातलं बरंचसं मी कुणीही शिकवत नसताना शिकलो. प्रॉडक्शन पडलंय, चार माणसं एका मॉनिटरभोवती उभी आहेत, आणि आमचा तेव्हाचा लीड लॉग न बघता आधी डेटाबेसची कनेक्शन किती उघडी आहेत ते बघतोय. का, हे मी त्याला चहाला विचारलं. रिमोटमध्ये हेच व्हायचं तर त्या पोराला इन्सिडेंटच्या कॉलवर कुणीतरी मुद्दाम घ्यावं लागतं, आणि रात्री अकराला नवख्याला कॉलवर घ्यायचं कोणाला सुचत नाही. माझ्या टीममध्ये मी आता नियमच केलाय की प्रत्येक कॉलवर एक नवखा गप्प बसून ऐकणार आणि दुसऱ्या दिवशी घडलेलं तोच लिहून काढणार. याने बरंच भरून निघतं, तरी सगळं नाही. म्हणून मी म्हणतो पहिली दोन-तीन वर्षं पुणे, नंतर खुशाल घरी ये.

टाइमझोनचा मुद्दाही लोक झोपेच्या हिशेबाने बघतात, मी वाढीच्या हिशेबाने बघतो. न्यूयॉर्कच्या टीमबरोबर काम असेल तर उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास पुढे आणि हिवाळ्यात साडेदहा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे गेलं की आपला सगळा दिवस तासभर पुढे ढकलला जातो. त्यांच्या सकाळी दहाचा स्टँडअप आपल्या साडेसातला किंवा साडेआठला, तो सगळे गाठतात. पण डिझाईनवरची खरी भांडणं तिकडे दुपारी दोननंतर होतात, तेव्हा इकडे मध्यरात्र. मग सकाळी तुम्हाला ठरलेल्या गोष्टीची तिकीटं मिळतात, छान लिहिलेली, आणि तुम्ही ती करता, वर्षानुवर्षं. युरोपच्या टीममध्ये हे होत नाही, जर्मनीची अख्खी सकाळ आपल्या दुपारवर येते. पगार थोडा कमी असला तरी मी युरोपची टीम घे म्हणतो.

परदेशी कंपनीत थेट कामगार म्हणून न घेता काँट्रॅक्टर म्हणून घेतात तेव्हा महिन्याचा आकडा डोळे दिपवतो, पण त्यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आरोग्य विमा स्वतःचा, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, निर्यात म्हणून कर भरायचा नसेल तर दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र. प्राप्तिकराच्या ४४एडीए मध्ये, म्हणजे ठराविक टक्के उत्पन्न धरून कर भरायच्या सोयीत, बसता का ते सीएलाच विचारा, प्रत्येकाचं काम वेगळं. वाढीच्या दृष्टीने पाहिलं तर काँट्रॅक्टरला सहसा लेव्हल नसते, प्रमोशनची चर्चाच नसते, दर वाढवून मागणं एवढंच हातात असतं.

आणि वीज. याशिवाय कोकणातलं रिमोट पूर्ण होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यावरून गेलं तेव्हा आमच्याकडे खांबच आडवे झाले होते, तिथे इन्व्हर्टरही किती पुरणार. रोजच्यासाठी मी राउटर आणि फायबरचा डबा वेगळ्या छोट्या यूपीएसवर ठेवलाय, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते पण लाईट गेल्यावर नेट जातं ते त्या डब्यामुळे. फायबर एका कंपनीचं आणि मागे मोबाईलचं सिम दुसऱ्या कंपनीचं, कारण हायवेच्या कामात केबल तुटली तर ती एकाचीच तुटावी. ऑनकॉलच्या आठवड्यात पाऊस मोठा असेल तर मी आधीच सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतो आणि तसं टीमच्या चॅनलवर लिहून ठेवतो. हे करिअरशी जोडलेलं आहे, कारण रिमोट माणूस कॉलमधून दोनदा गायब झाला की "त्याच्याकडे नेटचा प्रॉब्लेम असतो" हे वाक्य चिकटतं आणि कॅलिब्रेशनच्या खोलीत तेच आठवतं.

मी स्वतः इथे बसून अडकत नाहीये ना, हे कळायला एक पद्धत ठेवली आहे. दर फेब्रुवारीत, अप्रेझलचा फॉर्म उघडण्याआधी, वर्षभरात केलेलं सगळं काढून दोन गठ्ठे करतो. एका बाजूला मला दिलेली कामं, दुसऱ्या बाजूला मी मांडलेली, म्हणजे प्रश्न मी शोधला, डॉक मी लिहिलं आणि माझ्या टीमबाहेरच्या कुणीतरी त्यावर वाद घातला. दुसरा गठ्ठा आदल्या वर्षीपेक्षा लहान निघाला तर पगार वाढलेला असला तरी मी ते वाईट लक्षण धरतो. मग दोन बाहेरचे इंटरव्ह्यू देतो, नोकरी बदलायची नसली तरी, सिस्टीम डिझाईनच्या फेरीत आपण कुठे अडखळतो ते तिथे तासाभरात कळतं. आणि मार्चमध्ये मॅनेजरला फोन करून पुढच्या तिमाहीतलं एक डिझाईन माझ्या नावावर मागून घेतो, शक्यतो असं की ज्यात दुसऱ्या दोन टीमना माझ्याशी बोलावंच लागेल.